‘परवा’ आणि ‘चालू’ : ओपीडीचं डिक्टेशन चार मथळ्यांत लावताना या चुका टाळा

सांगली-मिरजेत ओपीडी म्हणजे तासगाव, जत, कवठेमहांकाळचे पेशंट आणि सीमेपलीकडून येणारे कन्नड बोलणारे लोक. डॉक्टर दोन पेशंटच्या मधल्या अर्ध्या मिनिटात मोबाइलवर बोलून ठेवतात आणि त्या बोलण्याचा केसपेपर करायचं काम माझ्यासारख्याकडे येतं. मथळे चारच : हिस्टरी, एक्झामिनेशन, असेसमेंट, प्लॅन. काम सोपं वाटतं. पण डॉक्टर मथळ्यांच्या क्रमानं बोलत नाहीत, डोक्यात येईल तसं बोलतात. त्यात मराठी बोलताना क्रियापद गिळायची आपली सगळ्यांचीच सवय.

खालचं डिक्टेशन माझ्या टेबलावरून गेलेलं आहे. पेशंटची ओळख पटेल असे तपशील बदललेत, बोलण्याची धाटणी तीच ठेवलीय. तारीख होती १४, वार सोमवार.

“पेशंट बासष्ट, द्राक्षबाग, तासगावकडचा. खोकला तीन आठवडे, संध्याकाळी कणकण, मुलगा म्हणतो वजन उतरलंय, पॅन्टी ढिल्या झाल्यात. रक्त नाही. धाप नाही. शुगर आठ वर्षं, मेटफॉर्मिन पाचशे दोन वेळा चालू. गावात पाच दिवस अँटिबायोटिक झालं, नाव माहीत नाही, फरक नाही. घरी शुगर काल सव्वादोनशे. परवा एक्स-रे, उजव्या वरच्या भागात डाग. ताप आत्ता नाही, बीपी एकशे सेहेचाळीस अठ्ठ्याऐंशी, सॅच्युरेशन शहाण्णव. छातीत डाव्या, नाही, उजव्या वर क्रेप्स. पायाला सूज नाही. टीबी वाटतोय, पण न्यूमोनिया बसत नाही असं नाही. बेडका सीबीनॅटला, दोन. एचबीएवनसी. लिवो नको. सीबीनॅट पॉझिटिव्ह आली तर नोंद आणि औषधं चालू. मेटफॉर्मिन तसंच. मास्क सांगितला. परवा बोलवा, रिपोर्ट घेऊन.”

आता पहिला मसुदा बघा. नव्यानं आलेल्या मुलानं केला होता, पण सुरुवातीच्या वर्षांत मीही असाच केला असता. त्याच्या एक्झामिनेशनमध्ये होतं : शुगर २२५, डाव्या वरच्या भागात क्रेप्स, पोट मऊ. असेसमेंटमध्ये एकच शब्द : टीबी. प्लॅनमध्ये : परवा एक्स-रे, सीबीनॅट, लिवोफ्लॉक्सासिन, टीबीची औषधं चालू, मेटफॉर्मिन चालू. टायपिंगची एकही चूक नाही. वाचायला अगदी स्वच्छ कागद. आणि जवळपास प्रत्येक ओळ चुकलेली.

सगळ्यात आधी ‘परवा’. मराठीत हा शब्द मागेही जातो आणि पुढेही. इथे तो दोनदा आलाय, एकदा मागचा आणि एकदा पुढचा. पहिल्या ‘परवा’ला क्रियापदच नाही, म्हणून मुलानं एक्स-रे करायला सांगितलाय असं धरलं. पण त्याच वाक्यात पुढे डाग सापडलाय. न काढलेल्या एक्स-रेत डाग कसा दिसेल? म्हणजे फोटो शनिवारी, १२ तारखेलाच निघालाय. शेवटचा ‘परवा’ १६ तारखेचा, बुधवारचा. माझा नियम असा की केसपेपरवर ‘परवा’ हा शब्द कधीच उतरू द्यायचा नाही, तिथे तारीख टाकायची. तारीख लिहायला बसलं की मागची की पुढची हे ठरवावंच लागतं, आणि चूक तिथेच हाताला लागते.

‘चालू’चं तसंच, फक्त जास्त धोक्याचं. ‘मेटफॉर्मिन चालू’ म्हणजे पेशंट ती आधीपासून घेतोय, तेव्हा ती हिस्टरी. ‘औषधं चालू’ म्हणजे सुरू करायची, तेव्हा तो प्लॅन. शब्द एकच, मथळे दोन. ओळखायचं कसं? आजूबाजूला काळाची खूण शोधा. ‘शुगर आठ वर्षं’ला लागून आलेलं ‘चालू’ जुनंच असणार. ‘आली तर’नंतरचं ‘चालू’ अजून घडलेलंच नाही. ते रिपोर्टवर टांगलेलं आहे, आणि मुलाच्या मसुद्यात नेमका हा ‘तर’ गळाला. कागद तसाच बाहेर गेला असता तर ज्याचा बेडका अजून तपासला नाही, त्याला औषधं सुरू करा असं लिहून गेलं असतं. ‘तर’ असलेलं वाक्य प्लॅनमध्ये ‘तर’सकट, स्वतंत्र ओळीत जायला हवं.

आणि जिथे खूण मिळत नाही तिथे अंदाज करायचा नाही. ‘अॅम्लोडिपिन चालू’ एवढंच ऐकू आलं तर मी ओळ रिकामी ठेवून समासात लिहितो : आधीपासून की आजपासून? डॉक्टर वैतागतात. वैतागू देत.

आता असेसमेंट. डॉक्टर म्हणाले ‘टीबी वाटतोय’. कागदावर आलं ‘टीबी’. ‘वाटतोय’ हा बोलीतला भरताड शब्द नाही, तेच डॉक्टरांचं मत आहे. २०१२पासून भारतात टीबी हा सरकारला कळवायचा आजार आहे, खासगी डॉक्टरांनासुद्धा. असेसमेंटमध्ये नुसता ‘टीबी’ दिसला की काउंटरवरचा माणूस निक्षय या सरकारी टीबी पोर्टलवरच्या नोंदीच्या मागे लागू शकतो आणि नातेवाईक कागद वाचून घरी सांगू शकतात. म्हणून ‘संशयित’ हा शब्द लिहायचाच. पुढचं ‘न्यूमोनिया बसत नाही असं नाही’ हे दुहेरी नकाराचं वाक्य उलगडून ‘न्यूमोनियाही शक्य’ असं लिहा. दोन्ही नकार तसेच उतरवले की वाचणाऱ्याच्या डोळ्याला पहिला ‘नाही’च दिसतो.

याच मथळ्यात उलटी चूकही होते. हुशार टायपिस्ट ती हमखास करतो. बीपी १४६/८८ बघून ‘उच्च रक्तदाब’ आणि घरची शुगर बघून ‘अनियंत्रित मधुमेह’ अशा दोन ओळी तो स्वतः घालतो. डॉक्टरांनी हे शब्द उच्चारलेले नाहीत. एका वेळच्या रीडिंगवर त्यांनी मत दिलं नाही, म्हणजे ते द्यायचं नसेल किंवा राहून गेलं असेल. दोन्हीपैकी कुठलं, हे तुम्ही ठरवायचं नाही, विचारायचं.

घरची शुगर २२५ ही एक्झामिनेशनमध्ये का नको? कारण ती डॉक्टरांच्या टेबलावर मोजलेली नाही. कुणाच्या मशिनवर, जेवणाआधी की नंतर, काहीच माहीत नाही. पेशंटनं सांगितलेला आकडा हिस्टरीतच, ‘घरी मोजलेली, १३ तारखेला’ असं लिहून. वजनाचंही तेच. ते उतरलंय हे पेशंटच्या मुलाचं म्हणणं आहे, काट्यावर दिसलेलं नाही, म्हणून ‘मुलाच्या सांगण्यानुसार’ हे शब्द टाकायचे. कन्नड बोलणारा पेशंट असेल आणि सून भाषांतर करत असेल तर तेही लिहावं. बाहेरचा एक्स-रे आमच्याकडे एक्झामिनेशनच्या शेवटी वेगळ्या ओळीत तारखेसह जातो. दुसऱ्या कुणाकडे तो हिस्टरीत जात असेल. काहीही ठरवा, पण रोज तेच करा.

‘पोट मऊ’ कुठून आलं ते विचारूच नका. मागच्या पेशंटच्या साच्यातून. डॉक्टरांनी पोटाचं नावही काढलेलं नाही. न बोललेलं म्हणजे नॉर्मल नव्हे, ते फक्त न बोललेलं. साचा वापरायचा तर सगळ्या जागा कोऱ्या ठेवून वापरा.

‘लिवो नको’मधला ‘नको’ गळणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. लिवोफ्लॉक्सासिन टीबीच्या जंतूंवरही काम करतं. त्यानं पेशंटला तात्पुरतं बरं वाटतं आणि निदान लांबू शकतं, म्हणून टीबीचा संशय असताना डॉक्टर ते टाळतात. आता गावात झालेल्या पाच दिवसांच्या अँटिबायोटिककडे परत बघा. ‘नाव माहीत नाही’ हे मुलानं फालतू समजून गाळलं होतं. पण ते लिवोच असेल तर? डॉक्टरांना पुढच्या भेटीत जुनी चिठ्ठी मागवायची आठवण त्या तीन शब्दांमुळेच होणार.

म्हणून माझी शेवटची तपासणी नकारांची मोजणी असते. वरच्या डिक्टेशनमध्ये ‘नाही’ नऊ वेळा आणि ‘नको’ एकदा. नवांपैकी एक ‘डाव्या, नाही, उजव्या’ ही स्वतःची दुरुस्ती. ती कागदावर दिसायला नको, तिथे फक्त ‘उजव्या’ राहायला हवं. दोन एकमेकांना खाऊन टाकतात. उरतात सहा : रक्त, धाप, नाव, फरक, ताप, सूज. हे सहा आणि ‘नको’ माझ्या कागदावर सापडले नाहीत तर मी रेकॉर्डिंग पुन्हा लावतो. आकडेही कानानंच पुन्हा तपासतो. सव्वादोनशेचे २०० आणि अठ्ठ्याऐंशीचे ७८ होताना मी पाहिलेत.

शेवटी गेलेला कागद असा होता.

हिस्टरी : वय ६२, द्राक्ष बागायतदार. ३ आठवडे खोकला, संध्याकाळी कणकण. मुलाच्या सांगण्यानुसार वजन कमी, कपडे सैल. खोकल्यातून रक्त नाही, धाप नाही. मधुमेह ८ वर्षं, मेटफॉर्मिन ५०० मिग्रॅ दिवसातून २ वेळा घेत आहेत. गावात ५ दिवस अँटिबायोटिक, नाव माहीत नाही, फरक नाही. घरची शुगर १३ तारखेला २२५.

एक्झामिनेशन : तपासताना ताप नाही. बीपी १४६/८८, सॅच्युरेशन ९६ टक्के. छातीत उजव्या वरच्या भागात क्रेप्स. पायाला सूज नाही. १२ तारखेचा एक्स-रे : उजव्या वरच्या भागात डाग.

असेसमेंट : संशयित टीबी, न्यूमोनियाही शक्य.

प्लॅन : बेडक्याचे २ नमुने सीबीनॅटला. एचबीएवनसी. लिवोफ्लॉक्सासिन देऊ नये. सीबीनॅट पॉझिटिव्ह आल्यास नोंद करून टीबीची औषधं सुरू. मेटफॉर्मिन पूर्वीप्रमाणे. मास्क वापरायला सांगितलं. १६ तारखेला रिपोर्टसह.

समासात एक प्रश्न होता : बीपी आणि शुगरबद्दल असेसमेंटमध्ये काही लिहायचं का? उत्तर आलं, ‘शुगर लिहा, बीपी पुढच्या वेळी बघू.’ त्यावरून असेसमेंटमध्ये मधुमेहाची एक ओळ वाढली.

त्या दिवसापासून आमचे डॉक्टर ‘परवा’ऐवजी तारीख सांगतात. ‘चालू’ मात्र अजून तसंच चालू आहे.