कोटावरून धंदा ओळखणारा म्हातारा शिंपी: कथा लिहिताना या चुका टाळा

ही कथा दर हिवाळ्यात कोणी ना कोणी लिहून आणतंच. तालुक्याचं गाव, पायमशीन, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेला म्हातारा मास्तर. गिऱ्हाईक आत येतं, मास्तर कोटाकडे पाहतो आणि म्हणतो, "तुम्ही शाळामास्तर आहात ना? बाहीला खडू लागलाय." कथा तिथेच मेली. खडू तर माझ्या नातवालाही दिसतो, त्याला शिंपी कशाला?

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. डाग, कोपरावरची चमक, लोंबलेला खिसा, ही सगळी वापराची खूण. कोटाचा काप म्हणजे कपडा अंगावर चढायच्या आधी कात्रीने घेतलेला निर्णय. बाही जिथे जोडतात तो मुंढा किती वर, बाही किती पुढे झुकवून बसवली, पाठीत किती ढिलाई सोडली, आतला खिसा कुठे. वापरावरून माणसाने काय केलं ते कळतं, कापावरून त्याने शिंप्याकडे काय मागितलं ते. तुमचा नायक शिंपी असेल तर त्याला दुसरं वाचू द्या.

हे मलाही फुकट कळलेलं नाही. माझ्या पहिल्या कथेत गिऱ्हाईक लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणारा होता आणि मास्तर त्याला ओळखायचा तो 'हात मोकळे हलावेत म्हणून ऐसपैस ठेवलेल्या मुंढ्यांवरून'. दारव्ह्याच्या बाजारात एका वयस्कर टेलरकाकांना ती मोठ्या हौसेने वाचून दाखवली. त्यांनी तोंडातली टाचणी काढली.

"बाबू, तू कधी कोट शिवला काय?"

मग खुंटीवरचे दोन कोट आळीपाळीने माझ्या अंगात चढवले. "हात वर कर." पहिल्याचा मुंढा खाली, ढिला. हात वर करताच अख्खा कोट सोबत वर आला, कॉलर मानेपासून सुटून कानाला लागली. दुसऱ्याचा मुंढा काखेत जवळ बसणारा, लहान. घालताना वाटलं, यात हात हलणारच नाही. पण वर केले तर नुसत्या बाह्या हलल्या, कोट जागेवर.

"मुंढा ढिला ठेवला तर बाही अंगाले बांधल्यासारखी होते. वर कापला तर हात सुटते." काकांनी टाचणी परत तोंडात धरली. मी घरी येऊन चार पानं फाडली.

तरी एवढ्यावर 'ट्रम्पेटवाला' म्हणता येत नाही, आणि नवशिक्यांची घाई इथेच नडते. वरचा मुंढा आणि पुढे झुकलेली बाही एवढंच सांगतात की या माणसाचे हात दिवसभर पुढे, वर असतात. तो भिंती रंगवणारा असेल, पेटी वाजवणारा असेल, खुद्द शिंपीही असेल. शंका एका जागी आणायला दुसरी खूण लागते, आणि तीही शिवलेली हवी. मी ठेवला अस्तराच्या आत एक चिमुकला खिसा: बोटभर खोल, दोन बोटं रुंद, आतून फ्लॅनेल. पेन त्यात मावत नाही, तंबाखूची डबी जात नाही. थंडीच्या वरातीत ट्रम्पेटची तोंडाकडची नळी अंगाच्या उबेत ठेवायला मात्र बरोबर.

काळा कोट टाळा. वाचक लगेच वकील म्हणतो, आणि चलाख लेखक शेवटी तो रेल्वेचा टीसी निघाला असं दाखवतो. ही युक्ती आता शिळी झाली.

मे महिन्यात कोट घालू नका. आपल्याकडचं ऊन तुम्हाला ठाऊक आहे, आणि खालच्या कोर्टात उन्हाळ्यात वकिलालाही काळ्या कोटाची सक्ती नसते.

मास्तरला पुणेरी बोलायला लावू नका.

दुसरी माझी लाडकी तक्रार म्हणजे भाषण. मास्तर एक, दोन, तीन करत खुणा मोजतो आणि गिऱ्हाईक 'वा!' म्हणतं. खरा शिंपी निकाल देत नाही, कामाचं विचारतो. म्हणून मी आधी स्वतःला विचारतो, हा माणूस दुकानात आलाच कशाला? नुसता ओळखून घ्यायला कोणी येत नाही. माझ्या गिऱ्हाइकाला मी शेवटी काम दिलं: मुंढा काखेत घासतो, खाली कापून द्या. मुंढा खाली कापता येतो, पण कापलेला कपडा परत वर चढत नाही. हे मास्तरला माहीत आहे. तो कोट उलटा करतो, अस्तरातला तो खिसा अंगठ्याने चाचपतो, खडू उचलतो आणि खाली ठेवतो.

"वाजवणं सोडलं काय, भाऊ?"

गिऱ्हाईक बाहेर रस्त्याकडे पाहत राहतं. "दात पडले जी, समोरचे."

मास्तर खडूची रेघ ओढत नाही. कोट घडी करून परत देतो.