लोगोचे नियम छापखान्यासाठी लिहिताना या चुका टाळा

लोगो कसा वापरावा याचे नियम बहुतेक वेळा एक डिझायनर दुसऱ्या डिझायनरसाठी लिहितो. बाहेरच्या छापखान्यात ते वाचणारा माणूस वेगळा असतो. त्याच्यासमोर आर्टवर्कची फाइल उघडी असते, हाताशी फूटपट्टी असते आणि प्लेट काढायची घाई असते. 'लोगोभोवती पुरेशी जागा सोडा' हे वाक्य त्याच्या काहीच कामाचे नाही. पुरेशी म्हणजे किती, आणि कुठून मोजायची?

मोकळी जागा: माप दिले, पण कडा सांगितली नाही

मोकळी जागा थेट मिलिमीटरमध्ये ठरवली की लोगो मोठा झाल्यावर ती अपुरी पडते. म्हणून लोगोतलाच एखादा भाग एकक धरतात, उदाहरणार्थ नावातल्या पहिल्या अक्षराची उंची. इथपर्यंत बहुतेक नियमपुस्तिका बरोबर असतात. चूक पुढे होते: हे अंतर कोणत्या कडेपर्यंत मोजायचे ते लिहिलेले नसते.

90 × 54 मिमीचे कार्ड घेऊ. लोगो 40 मिमी रुंद, अक्षराची उंची 4 मिमी, म्हणजे चारही बाजूंना 4 मिमी मोकळे. फाइलला 3 मिमी ब्लीड आहे. ऑपरेटरने ते 4 मिमी ब्लीडच्या बाहेरच्या कडेपासून मोजले, तर कापल्यावर लोगो कार्डाच्या कडेपासून फक्त 1 मिमीवर उरतो. कटिंगमध्ये कागद 1 मिमी सरकणे नेहमीचेच आहे. तेवढा सरकला की लोगो कडेला चिकटतो. नियम तंतोतंत पाळूनही माल वाया जातो.

त्यामुळे दोन अंतरे वेगळी लिहा. शेजारचा मजकूर, चित्र किंवा दुसरा लोगो यांच्यापासून 1 एकक, आणि कापल्यानंतरच्या कडेपासून किंवा घडीपासून दीड एकक. वरच्या कार्डावर हे 6 मिमी होते. मग 1 मिमी सरकूनही 5 मिमी उरतात आणि तिरकेपणा डोळ्यांत भरत नाही. आकृतीत कटिंगची रेघ आणि ब्लीडची रेघ दोन्ही दाखवा, आणि माप कापण्याच्या रेघेपासून सुरू होते हे बाणाने स्पष्ट करा.

काही जण खबरदारी म्हणून लोगोच्या फाइलमध्येच भोवती अदृश्य चौकट ठेवतात. हेतू चांगला असला तरी परिणाम उलटा होतो. 'लोगो 40 मिमी रुंद ठेवा' असे वाचून ऑपरेटर अख्खी चौकट 40 मिमीची करतो. चौकट मुळात 48 मिमीची असेल, तर आतला लोगो 33 मिमीच्या आसपास येतो. फाइल लोगोच्या कडेपर्यंतच कापलेली द्या. मोकळी जागा आकृतीत दाखवा.

पार्श्वभूमी: 'गडद' आणि 'फिकट' हे माप नव्हे

'फिकट पार्श्वभूमीवर रंगीत लोगो, गडद पार्श्वभूमीवर पांढरा' हा नियम दोन टोकांना चालतो. मधल्या छटांवर मात्र प्रत्येक जण आपल्या नजरेने ठरवतो. यावर साधा उपाय आहे. काळ्या शाईच्या 10, 20, 30 अशा 100 टक्क्यांपर्यंतच्या छटांची पट्टी करा, प्रत्येक छटेवर रंगीत आणि पांढरा असे दोन्ही लोगो ठेवा आणि नेहमीच्या कागदावर प्रत्यक्ष छापून घ्या. स्क्रीनवर पाहून हा निर्णय घेऊ नका. समजा, रंगीत लोगो 30 टक्क्यांपर्यंत स्वच्छ दिसतो आणि पांढरा 60 च्या पुढे. मग नियमात तेच आकडे लिहा आणि मधल्या छटा सरळ बंद ठेवा. हीच पट्टी ब्रँडच्या इतर रंगांसाठीही करून पाहावी. फोटोवर लोगो देणे टाळता येत नसेल, तर त्याखाली एकरंगी पट्टा द्यायला सांगा.

पांढऱ्या लोगोबद्दल एक गोष्ट नियमात हमखास राहून जाते. चार रंगांच्या छपाईत पांढरी शाई नसते. जिथे शाई पडत नाही तिथे कागद दिसतो, आणि त्यालाच आपण पांढरा लोगो म्हणतो. त्यामुळे तपकिरी क्राफ्ट कागदावर गडद पट्टा छापून त्यात पांढरा लोगो ठेवला, तर तो तपकिरी येतो. शिवाय या शाया बऱ्याच पारदर्शक असतात. पिवळ्या कागदावर निळा लोगो हिरवट दिसतो. रंगीत कागदासाठी नियम एकच ठेवा: एकरंगी काळा लोगो. पांढरा हवाच असेल, तर स्क्रीन प्रिंटिंगने किंवा वेगळी पांढरी शाई असलेल्या मशीनवर.

दुसरी अडचण बारीक रेघांची. रिव्हर्स लोगोत भोवतालची शाई आत पसरते आणि रेघा बारीक होतात. पार्श्वभूमी तीन-चार शायांची असली आणि रजिस्ट्रेशन किंचित हलले, तर रेघ बुजते किंवा कडेला रंगीत सावली दिसते. म्हणून पांढरा लोगो म्हणजे रंगीत लोगोचा रंग बदललेली प्रत नको. रेघा थोड्या जाड केलेली स्वतंत्र फाइल बनवा आणि तिचा किमान आकारही वेगळा, मोठा ठरवा.

आणि पांढरा लोगो प्रूफवर दिसतो, पण छापल्यावर गायब होतो, तेव्हा आधी ओव्हरप्रिंट तपासा. काळ्या लोगोला ओव्हरप्रिंट लावलेले असते, कुणीतरी त्याचा रंग पांढरा करते आणि ती सेटिंग तशीच राहते. पांढऱ्यात छापायला शाईच नाही, म्हणून खालचा रंग सलग छापला जातो. काही ठिकाणची यंत्रणा अशी सेटिंग आपोआप काढून टाकते, म्हणून तीच फाइल एका छापखान्यात नीट येते आणि दुसऱ्यात फसते. अॅक्रोबॅटमध्ये `Output Preview` उघडून `Simulate Overprinting` चालू केले की लोगो तिथेच नाहीसा होतो आणि चूक प्लेट काढण्याआधी कळते.

चुकीच्या वापराचे पान

या पानावर तिरका केलेला, सावली दिलेला, इंद्रधनुष्यी रंगांचा लोगो दाखवायची पद्धत आहे. छापखान्यात असे क्वचितच घडते. तिथे घडते ते वेगळे: जागेत बसवायला लोगो एका बाजूने ताणणे, जेपीजीमुळे रंगीत पार्श्वभूमीवर पांढरा चौकोन येणे, चांगली फाइल नाही म्हणून जुन्या छापील कागदावरून लोगो ट्रेस करणे, फॉन्ट कर्व्ह न केल्यामुळे नावाची अक्षरे बदलणे, आणि गडद रंगावर लोगो उठून दिसावा म्हणून त्याला पांढरी आउटलाइन देणे. तुमच्या पानावर हीच उदाहरणे हवीत. नुसती लाल फुली पुरत नाही. प्रत्येक उदाहरणाखाली त्याऐवजी कोणती फाइल घ्यायची तिचे नाव लिहा. पांढऱ्या आउटलाइनच्या चित्राखाली, उदाहरणार्थ, `logo_white.pdf`. नियमातले नाव आणि फोल्डरमधले नाव अक्षरशः एकच असले पाहिजे.

आता सर्वांत महागात पडणारी चूक. चुकीची उदाहरणे व्हेक्टर स्वरूपात पीडीएफमध्ये ठेवली, तर ती तिथून सहज उचलता येतात. लोगोची फाइल सापडली नाही की ऑपरेटर नियमपुस्तिकाच उघडतो आणि हाताला लागेल तो लोगो कॉपी करतो. तो ताणलेला असेल आणि ताण थोडाच असेल, तर कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून चुकीचे नमुने 72 डीपीआयच्या चित्रात बदला आणि फुली त्या चित्रातच मिसळून टाका. बरोबर लोगो मात्र त्याच पीडीएफमध्ये व्हेक्टर ठेवा, म्हणजे तिथून काही उचललेच तर ते योग्य असेल.