कचऱ्याच्या तक्रारीचं पत्र लिहिताय? आधी या चुका टाळा

आमच्या सोसायटीची आणि आजूबाजूच्या तीन-चार सोसायट्यांची पत्रं गेली काही वर्षं माझ्याकडेच येतात तपासायला, म्हणजे कोणीतरी रात्री व्हॉट्सअॅपवर मजकूर टाकतं आणि म्हणतं "काका जरा बघा, उद्या द्यायचंय". बघतो मी, पण दर वेळी तेच. एक पान भरून संताप, त्यात डेंग्यू, लहान मुलं, ज्येष्ठ नागरिक, आम्ही टॅक्स भरतो, सगळं आलेलं असतं, फक्त कचरा नक्की कुठे आहे आणि तुम्हाला काय करून हवंय एवढंच नसतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे जागा. लोक लिहितात "मंदिराजवळ", "शाळेच्या मागे", "डीपीजवळ". अहो, प्रत्येक गल्लीत डीपी आहे. तुम्ही रोज तिथून जाता म्हणून तुम्हाला ती एकच वाटते. पत्र वाचणारा माणूस तुमच्या गल्लीत राहत नाही, आणि शेवटी जो मुकादम गाडी घेऊन येणार त्याच्या हातात तुमचं अख्खं पत्र नसतंच, त्याला फोनवर एक ओळ सांगितली जाते. ती एक ओळ तुमच्या पत्रातून उचलता आली पाहिजे.

आमच्याकडे झालेला प्रकार सांगतो. पलीकडच्या सोसायटीने पत्र दिलं, "गणपती मंदिराशेजारील डीपीजवळ कचऱ्याचा ढीग साचला आहे". 46 सह्या, मस्त लेटरहेड, आवकचा शिक्का, सगळं होतं. आठ दिवसांनी चौकशीला गेले तर सांगितलं, काम झालं, तक्रार निकाली. फोटो दाखवला, स्वच्छ जागा, मागे डीपी, बाजूला गणपती मंदिर. फक्त मंदिर दुसरं! आमच्या भागात तीन गणपती मंदिरं आहेत आणि दोघांच्या शेजारी डीपी. माणसं आली होती, दुसऱ्या डीपीपाशी पण थोडा कचरा होताच, तो उचलला, फोटो काढला, गेली. त्यांची चूक म्हणता येत नाही. मग नवीन पत्र, नवीन आवक क्रमांक, परत पहिल्यापासून, आणि ढीग अजून 17 दिवस तिथेच, तोपर्यंत पाऊस सुरू झालेला.

त्यानंतर माझी सवय अशी की पत्र घरात बसून लिहायचंच नाही. आधी ढिगापाशी जाऊन उभं राहायचं. रस्त्यावरच्या लाइटच्या खांबावर नंबर रंगवलेला असतो तो टिपायचा, पुसला असेल तर डीपीवरचा नंबर किंवा समोरच्या इमारतीचं नाव आणि घर क्रमांक. मग कुठून कुठे जाताना कोणत्या हाताला ते लिहायचं. नुसतं "डाव्या बाजूला" नाही चालत, येणारा उलट बाजूने आला की डावं उजवं होतं. मॅपवरचं लोकेशन जोडा जरूर, पण फक्त तेवढंच नको, कागदावर छापलेली लिंक कोण टाइप करणार?

आणि रस्त्याची बाजू एवढ्यासाठी पण महत्त्वाची की बऱ्याच ठिकाणी हद्द रस्त्याच्या मधोमध जाते. अलीकडची बाजू एका आरोग्य कोठीकडे, पलीकडची दुसऱ्या (पुण्यात कोठी म्हणतात, मुंबईत चौकी). मग पत्र या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतं. सकाळी झाडायला येणाऱ्या ताईंना विचारा, "ताई, ही बाजू कुठल्या कोठीत येते?" त्या एका वाक्यात सांगतील, आणि ते नाव पत्रात घाला. जागा रस्त्याची आहे की कोणाच्या मोकळ्या प्लॉटची तेही लिहा, कारण खाजगी प्लॉट असेल तर प्रकरण मालकाला नोटीस देण्याकडे जातं, नुसती गाडी पाठवून भागत नाही.

दुसरी चूक, जिचा मला खरंच कंटाळा आलाय, "तरी योग्य ती कार्यवाही करावी ही विनंती". योग्य म्हणजे काय ते तुम्ही सांगायला नको? याला उत्तर पण तसंच येतं, "योग्य ती कार्यवाही करण्यात आली आहे". संपलं. त्यावर काय बोलणार तुम्ही?

परवा आलेल्या पत्रातलं मूळ वाक्य असं होतं:

"आमच्या परिसरात अनेक दिवसांपासून कचरा उचलला जात नसून सर्वत्र दुर्गंधी पसरली आहे, तरी आपण त्वरित लक्ष घालावे."

मी पत्र लिहिणाऱ्या मुलाला फोन करून विचारलं, घंटागाडी येत नाही, की गाडी येते पण कोपऱ्यावरचा ढीग उचलत नाहीत? तो म्हणाला दोन्ही. आणि फोटोत तर विटांचे तुकडे, फरशा पण दिसत होत्या. म्हणजे तीन वेगळ्या गोष्टी. घरोघरचा कचरा घंटागाडी नेते, रस्त्यावरच्या ढिगाला वेगळी माणसं आणि मोठी गाडी लागते, आणि राडारोडा त्या गाडीत घेतच नाहीत, तो वेगळा उचलावा लागतो. एकत्र लिहिलं की एखादं काम होतं आणि पूर्ण तक्रार बंद होते. दुरुस्त केल्यावर असं झालं:

"विषय : खांब क्र. 38 जवळील कचऱ्याचा ढीग उचलणे व गल्लीत घंटागाडी नियमित पाठवणे.

1) गणपती मंदिराकडून मुख्य रस्त्याकडे जाताना डाव्या हाताला, खांब क्र. 38 व डीपीच्या मध्ये, सार्वजनिक रस्त्यावर अंदाजे 10 फूट लांब व 4 फूट रुंद ढीग आहे. तो उचलावा. त्यातील राडारोडा वेगळ्या वाहनाने उचलावा.

2) दि. 3, 5, 6 व 9 रोजी घंटागाडी गल्लीत आली नाही. ती रोज सकाळी यावी व येण्याची वेळ कळवावी.

3) केलेल्या कामाची माहिती खालील पत्त्यावर लेखी द्यावी."

मूळ पत्र दीड पान होतं, हे अर्ध्या पानात बसलं. मुलगा म्हणाला काका यात जोर नाही वाटत. मी म्हटलं, बाळा, जोर तारखांमध्ये असतो. चार तारखा लिहिल्या की समोरच्याला गाडीच्या नोंदी बघाव्या लागतात, "अनेक दिवस" लिहिलं की काहीच बघावं लागत नाही. पण त्या तारखांसाठी आधी आठवडाभर कॅलेंडरवर खूण करायला लागते आणि नवीन मंडळींना तेवढा धीर नसतो, आज गाडी चुकली की आजच पत्र हवं. एक दिवस चुकली तर मुकादमाला फोन करा, पत्र कशाला?

"इथे कचराकुंडी ठेवा" अशी मागणी करू नका. बऱ्याच शहरांनी रस्त्यावरच्या कुंड्या मुद्दाम काढल्यात, त्यामुळे त्या एका ओळीवर नकार येतो आणि बाकीचं पत्र मागे पडतं.

सह्यांपुढे फ्लॅट नंबर घाला. फोटो दोन काढा, एक जवळून आणि एक लांबून, लांबच्यात खांबाचा नंबर किंवा इमारतीचं नाव आलं पाहिजे. पत्राच्या दोन प्रती न्या, एकीवर तारखेसह शिक्का आणि आवक क्रमांक घ्या, घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. पुढचं स्मरणपत्र लिहाल तेव्हा "संदर्भ" मध्ये हाच क्रमांक टाकायचा, नाहीतर ते नवीन तक्रार म्हणून जातं.

त्या मुलाचं पत्र सोमवारी दिलं. गुरुवारी मुकादमाचा फोन आला, "38 नंबरच्या खांबापाशी उभा आहे, ढीग भरतोय, राडारोड्याची गाडी शनिवारी येईल". घंटागाडीच्या वेळेचं लेखी उत्तर अजून आलं नाही, त्याचं स्मरणपत्र पुढच्या सोमवारी जाईल, तोपर्यंत कॅलेंडरवर खुणा चालू आहेत.