अपघात अहवालात 'केलं', 'का झालं' आणि 'करू' यांची खिचडी: या चुका टाळा

नागपूरकडच्या बुटीबोरी-हिंगण्याच्या कारखान्यांत किंवा कळमन्याच्या आसपासच्या शीतगृहांत लिहिले जाणारे घटना अहवाल उघडले की 'कारवाई' नावाचं एकच शीर्षक हमखास दिसतं. त्याखाली वॉल्व्ह बंद केलाही असतो, ऑपरेटरची चूकही असते आणि नवीन वॉल्व्ह बसवायचाही असतो. वाचणाऱ्याने काय समजावं?

एक नमुना घेऊ. मे महिना, संत्र्यांचं शीतगृह, अमोनियावर चालणारा प्लांट. दुपारी २:४० ला कमी दाबाच्या भांड्याखालच्या ऑइल पॉटमधून तेल काढताना द्रव अमोनिया बाहेर आला. अहवालातला परिच्छेद असा:

"ऑपरेटरने निष्काळजीपणे तारेने बांधून ठेवलेला ड्रेन वॉल्व्ह बंद करण्यात आला, कामगारांना बाहेर काढण्यात आले, खराब आयसोलेशन वॉल्व्ह बदलण्यात येत आहे व सर्वांना सूचना देण्यात आल्या."

हे एक वाक्य चार जण चार प्रकारे वाचतात. सगळ्यात घातक वाचन रात्रीच्या शिफ्टच्या इनचार्जचं. 'बदलण्यात येत आहे' म्हणजे काम उरकत आलं, असं समजून तो प्लांट सुरू करतो. प्रत्यक्षात वॉल्व्हची ऑर्डरही गेलेली नसते. आपल्याकडे तोंडी 'बदलून राहिलो साहेब' चालतं, कारण समोरचा लगेच विचारतो, 'कधी?' कागद कुणाला विचारणार? म्हणून अहवालात 'येत आहे' हा प्रयोग पूर्ण बंद करा. झालं असेल तर 'बदलला, १५ मे, सकाळी ११'. झालं नसेल तर ते लगेचच्या कृतींच्या विभागात येतच नाही.

विभागांचा क्रम असा ठेवा: काय घडलं, लगेच काय केलं, आत्ता स्थिती काय आहे, कारणं, आणि शेवटी पुढची कामं. पहिले तीन विभाग त्याच संध्याकाळी लिहून होतात. कारणांना चार दिवस लागतील, लागू द्या. लगेचच्या कृती कारण कळण्याआधी झालेल्या असतात, म्हणून त्या आधी येतात. पुढची कामं कारणांतून निघतात, म्हणून ती नंतर. वाहन उद्योगातल्या आठ टप्प्यांच्या 8D पद्धतीतही तात्पुरता बंदोबस्त D3 ला आणि मूळ कारण D4 ला असतं, उलट नाही. ISO 9001:2015 च्या कलम १०.२ मध्येही आधी घडलेलं आटोक्यात आणायचं आणि मग कारण शोधायचं, हाच क्रम आहे.

आता वरचा परिच्छेद फोडू. लगेच केलेल्या कृती:

"२:४२ आपत्कालीन बटणाने कॉम्प्रेसर बंद. २:४६ श्वसनसंच घातलेल्या दोघांनी ड्रेन वॉल्व्ह बंद केला. त्याचा हँडल तारेने उघड्या स्थितीत बांधलेला होता. तार कापण्याआधी फोटो घेतला. २:५० पर्यंत १७ जण वाऱ्याच्या उलट दिशेला बाहेर, हजेरी जुळली. पाण्याचा फवारा वाफेच्या ढगावर मारला, जमिनीवर साचलेल्या द्रवावर नाही. डोळे चुरचुरणाऱ्या दोघांचे डोळे १५ मिनिटं पाण्याने धुऊन त्यांना रुग्णालयात पाठवलं."

इथे एकही 'कारण' शब्द नाही. 'निष्काळजीपणे' तर नाहीच. तार बांधलेली दिसली, एवढंच. ती कुणी आणि का बांधली, हा तपासाचा विषय आहे. लगेचच्या कृतीत निवाडा घुसला की ज्याच्यावर तो येतो, तो माणूस तोंड मिटतो आणि तपास तिथेच संपतो. फवाऱ्याचं वाक्य मात्र ठेवायचंच, कारण द्रव अमोनिया उणे ३३ अंशांना उकळतो. त्यावर पाणी ओतलं की त्याला उष्णता मिळते आणि वाफ आणखी उठते. काय केलं नाही हेही लिहिण्यासारखं असतं, ते असं.

आत्ताच्या स्थितीत तीनच वाक्यं: "३:३० ला मशीन रूमच्या दारात अमोनिया २५ पीपीएमपेक्षा कमी. ऑइल पॉटच्या दोन्ही वॉल्व्हना कुलूप आणि टॅग. आयसोलेशन वॉल्व्ह जॅम आहे, तेल काढणं बंद." हा विभाग बहुतेक जण गाळतात. शिफ्ट इनचार्जला नेमकं हेच हवं असतं.

कारणं पुढच्या आठवड्यात भरली जातात. तपासात निघालं ते असं. तेल काढण्याआधी आयसोलेशन वॉल्व्ह बंद करून पॉट भांड्यापासून वेगळा करायचा असतो आणि थोडा गरम होऊ द्यायचा असतो, कारण थंड तेल घट्ट होऊन फार हळू उतरतं. त्या वॉल्व्हचा स्पिंडल जॅम असल्याने पॉट वेगळा करताच येत नव्हता. त्यामुळे तेल थंडच राहायचं आणि काढायला पाऊण तास लागायचा. स्प्रिंगने आपोआप बंद होणारा ड्रेन वॉल्व्ह तेवढा वेळ हाताने धरून ठेवणं नको म्हणून तार आली. शेवटी घट्ट तेलाचा गोळा सुटला आणि मागून थेट भांड्यातला द्रव आला. आता सांगा, 'ऑपरेटरला समज दिली' याने काय सुटलं असतं?

पुढच्या कामात प्रत्येक ओळ एखाद्या कारणाला टांगा. स्पिंडल जॅम, म्हणून वॉल्व्ह बदलणं: जबाबदारी देखभाल अभियंता, मुदत ३० मे. जॅम वॉल्व्हची तक्रार नोंदवायची जागा नव्हती, म्हणून शिफ्ट वहीत दोषांचा रकाना. जे काम कोणत्याच कारणाला टांगता येत नाही, ते बहुधा साहेबांना बरं वाटावं म्हणून लिहिलेलं असतं. 'सर्वांना सूचना' हे त्यातलं पहिलं.

एक पेच खरा आहे. घटनेनंतर पण अहवालाआधी केलेलं काम कुठे घालायचं? समजा, उत्साही फिटरने दुसऱ्या दिवशी ड्रेन वॉल्व्हच बदलला. ते कारण शोधण्याआधी झालं असेल, तर तारखेसह लगेचच्या कृतींत जातं आणि जुना वॉल्व्ह कुठे ठेवला हेही लिहायचं. तो भंगारात गेला असेल, तर तेही लिहा. झाकलं तर तपास करणारा नव्या वॉल्व्हकडे बघून 'सर्व ठीक' म्हणेल. घाईने सगळं आवरून टाकण्याच्या या सवयीने जेवढे पुरावे जातात, तेवढे गळतीने जात नाहीत.

किरकोळ चुका. तात्पुरता बंदोबस्त लिहिताना तो कोण आणि कधी काढणार ही ओळ पुढच्या कामांत हवी, नाहीतर कुलूप काढलं जाईल आणि वॉल्व्ह जॅमचा जॅमच राहील. 'तात्काळ' हा शब्द वापरू नका, वेळ लिहा. आणि कारखाने अधिनियमाच्या जागी आलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० च्या कलम १० खालची अपघाताची सूचना कारणं सापडेपर्यंत रोखू नका. जखमी माणूस ४८ तास किंवा जास्त कामावर येऊ शकला नाही की ती पाठवावीच लागते, आणि तिच्यासाठी वरचे पहिले तीन विभाग पुरतात.