फ्रुक्टोज-ग्लुकोजचे पीक मोजून कॉलमची तब्येत कशी ओळखावी

चिकोडी, अथणी, रायबाग, हुक्केरी या पट्ट्यात हंगाम सुरू झाला की ऊस तोडून दोन-तीन दिवस उन्हात पडून राहणे नवे नाही. अशा शिळ्या उसातली साखर, म्हणजे सुक्रोज, फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज तयार होतात. गुऱ्हाळात त्या रसाचा गूळ नीट घट्ट होत नाही, झाला तरी पावसाळ्यात पाघळतो. साखर किती फुटली हे एचपीएलसीवर मोजता येते; हे यंत्र द्रावणातले पदार्थ बारीक कण भरलेल्या नळीतून, म्हणजे कॉलममधून, पाठवून वेगळे करते. यंत्राच्या आलेखावर, म्हणजे क्रोमॅटोग्रॅमवर, प्रत्येक पदार्थाचा एक उंचवटा उमटतो, त्याला पीक म्हणतात. पण तिथे फ्रुक्टोज आणि ग्लुकोज अगदी शेजारी येतात, आणि ते दोन पीक कॉलमने नीट सोडवले नसतील तर पुढचे सगळे आकडे चुकतात. म्हणून आधी कॉलम तपासायचा. त्यासाठी दोन संख्या लागतात: रिझोल्यूशन आणि प्लेट संख्या.

प्लेट संख्या सांगते की कॉलम एका पदार्थाचा पीक किती अरुंद ठेवतो. रिझोल्यूशन सांगते की शेजारचे दोन पीक किती सुटे झाले. दोन्ही संख्या एकत्र वाचल्या तरच बिघाड कुठे आहे ते कळते.

आधी मिश्रण इंजेक्ट करा

इथले उदाहरण अमिनो कॉलमचे आहे: लांबी २५० मि.मी., आतला व्यास ४.६ मि.मी., कण ५ मायक्रॉनचे. मोबाइल फेज, म्हणजे साखरा कॉलममधून वाहून नेणारे द्रावण, अॅसिटोनायट्राइल आणि पाणी ७५:२५, प्रवाह मिनिटाला १ मि.ली., डिटेक्टर आरआय, म्हणजे अपवर्तनांकातला फरक टिपणारा. कॉलम तपासताना उसाचा रस वापरू नका. रसात सुक्रोज बाकीच्या दोघांच्या कित्येक पट असते, त्यामुळे कॉलमवर भार पडून पीक पसरतात आणि दोष कॉलमच्या माथी येतो. तीन शुद्ध साखरांचे मिश्रण घ्या, प्रत्येकी ५ मिलिग्रॅम प्रति मि.ली., आणि १० मायक्रोलिटर सोडा. ते निव्वळ पाण्यात नव्हे, पाणी आणि अॅसिटोनायट्राइल निम्मे-निम्मे घेऊन विरघळवा. या कॉलमवर पाणी साखरेला जोरात पुढे ढकलते, त्यामुळे पाण्यातला नमुना सुरुवातीलाच पसरतो.

रुंदी कशी मोजावी

सॉफ्टवेअर आकडे देते, पण एकदा तरी छापील कागदावर पट्टीने मोजावे. पीकच्या पायथ्याला दोन्ही बाजूंची बेसलाइन जोडणारी रेघ ओढा. त्या रेघेपासून टोकापर्यंतची उंची समजा ८४ मि.मी. आली. बरोबर ४२ मि.मी.वर बेसलाइनला समांतर रेघ ओढा आणि पीकच्या दोन्ही कडा तिला जिथे छेदतात तेवढे अंतर मोजा. ही अर्ध्या उंचीवरची रुंदी.

छपाईचे प्रमाण इथे फार महत्त्वाचे. एका मिनिटाला २५ मि.मी. असेल तर ०.२४ मिनिटाची रुंदी कागदावर फक्त ६ मि.मी. दिसते. पट्टीवर अर्धा मि.मी. चुकला तरी रुंदीत ८ टक्के चूक होते, आणि सूत्रात वर्ग असल्याने प्लेट संख्येत ती जवळजवळ दुप्पट होते. म्हणून तेवढा भाग मोठा करून छापा. मिनिटाला १०० मि.मी. ठेवले तर तीच रुंदी २४ मि.मी. होते.

दोन पीकमधली दरी अर्ध्या उंचीच्या वर असेल तर ही रुंदी मोजताच येत नाही. तेव्हा आकडा ओढूनताणून काढू नका.

आकडेमोड

समजा चांगल्या अवस्थेतल्या कॉलमवर फ्रुक्टोज ६.४० मिनिटांना आला, रुंदी ०.२०. ग्लुकोज ७.२० मिनिटांना, रुंदी ०.२४. सूत्रात N म्हणजे प्लेट संख्या, Rs म्हणजे रिझोल्यूशन, tR म्हणजे पीक येण्याची वेळ, म्हणजेच रिटेन्शन टाइम, t1 आणि t2 या दोन पीकच्या वेळा, आणि W½ म्हणजे अर्ध्या उंचीवरची रुंदी.

```
N  = 5.54 × (tR / W½)²
Rs = 1.18 × (t2 − t1) / (W½1 + W½2)

N (ग्लुकोज) = 5.54 × (7.20 / 0.24)² = 4986
Rs = 1.18 × 0.80 / 0.44 = 2.15
```

सारख्या उंचीचे पीक असतील तर रिझोल्यूशन १.५ आले की ते बेसलाइनपर्यंत सुटलेले मानतात. एक पीक मोठा आणि शेजारी बारका असेल तर २च्या आसपास हवे. त्यामुळे २.१५ चांगले आहे.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली एककांची: रिटेन्शन टाइम मिनिटांत आणि रुंदी सेकंदांत घेतली जाते. ७.२० भागिले १४.४ केले की प्लेट संख्या दीडच्याही खाली येते. अशी चूक निदान लगेच डोळ्यांत भरते. दुसरी जास्त फसवी आहे. पीकच्या कडांना स्पर्शरेषा ओढून बेसलाइनवर रुंदी मोजायची पद्धतही आहे, आणि तिचे गुणक वेगळे, १६ आणि २:

```
N  = 16 × (tR / W)²
Rs = 2 × (t2 − t1) / (W1 + W2)
```

अर्ध्या उंचीची रुंदी घेऊन १६चा गुणक लावला तर वरच्याच ग्लुकोजची प्लेट संख्या १४,४०० येते. ती इतकी देखणी असते की कुणी शंकाही घेत नाही. म्हणून वहीत संख्येशेजारी पद्धत लिहून ठेवा आणि तुलना नेहमी त्याच पद्धतीच्या आकड्यांशी करा.

रिझोल्यूशन घसरले, पण कशामुळे?

खरा उपयोग इथे आहे. काही महिन्यांनी तेच मिश्रण सोडले आणि रिझोल्यूशन १.६च्या जवळ आले असे धरा. यामागे दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात.

एका कॉलमवर फ्रुक्टोज ५.९५ आणि ग्लुकोज ६.५० मिनिटांना आला, रुंदी ०.१९ आणि ०.२२. रिझोल्यूशन १.५८, पण ग्लुकोजची प्लेट संख्या ४८३६, म्हणजे जवळपास पूर्वीइतकीच. पीक अरुंदच आहेत, फक्त लवकर येऊन एकमेकांजवळ सरकले आहेत. कॉलमची भरण शाबूत आहे, धरून ठेवण्याची ताकद कमी झाली आहे. आधी मोबाइल फेज ताजे बनवा, कारण बाटलीतून अॅसिटोनायट्राइल उडून गेले तरी असेच होते. ताज्यानेही फरक पडला नाही तर कॉलम म्हातारा होत आहे. ग्लुकोज, फ्रुक्टोज यांच्यासारख्या क्षपणकारी साखरा कॉलमवरच्या अमिनो गटांशीच अभिक्रिया करतात आणि ते गट हळूहळू कामातून जातात. पाणी २५ वरून २२ टक्क्यांवर आणले तर पीक पुन्हा उशिरा येऊन सुटतात आणि कॉलम आणखी काही काळ चालतो.

दुसऱ्या कॉलमवर वेळा तशाच, ६.४० आणि ७.२०, पण रुंदी ०.२८ आणि ०.३३. रिझोल्यूशन १.५५, म्हणजे मघाच्याच जवळ. प्लेट संख्या मात्र २६३७ वर आली. इथे पाण्याचे प्रमाण बदलून मूळ दोष जात नाही, कारण पीक वाटेत पसरत आहेत. आधी मिश्रण निम्मे पातळ करून सोडा. पीक अरुंद झाले तर नमुना जास्त होत होता. तसे नसेल तर नळीचे जोड उघडून बघा: नळी फिटिंगमध्ये तळापर्यंत टेकली नसेल तर तिथे पोकळी राहते. अशा पोकळीने लवकर येणारे पीक जास्त बिघडतात. त्यामुळे फ्रुक्टोजची प्लेट संख्या निम्म्यावर आली आणि सुक्रोजची फारशी घटली नाही, तर संशय जोडांवर घ्या. तिन्ही सारख्याच प्रमाणात घटल्या तर कॉलमचीच भरण बसली आहे किंवा तोंडाची जाळी तुंबली आहे. जाळी तुंबली असेल तर पंपाचा दाबही चढलेला दिसतो. रसाचे नमुने ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून न गाळता सोडले तर ही वेळ लवकर येते.