पावणेदोनचं विमान नेमकं कोणत्या रात्रीचं? तिकीट, हॉटेल आणि व्हिसाच्या तारखांमधल्या या चुका टाळा

मुंबईहून युरोप-अमेरिकेकडे जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात, आणि आपल्या घरांतला निम्मा गोंधळ तिथेच सुरू होतो. आपल्या पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो. रात्री पावणेदोन वाजता आजीच्या हिशेबाने अजून कालचाच वार असतो. विमान कंपनीची तारीख मात्र बारा वाजता बदलते. दादरहून मध्यरात्र उलटल्यावर सुटणाऱ्या तुतारीसाठी लोक एक दिवस उशिरा फलाटावर येतात, त्याचंही कारण हेच. गाडी चुकली तर दुसऱ्या गाडीने सावंतवाडी गाठता येते. परदेशाच्या प्रवासात त्या एका दिवसामागे हॉटेल, विमा आणि व्हिसा अशी सगळी माळ ओघळते.

आमच्या घरचंच सांगतो. सासू-सासऱ्यांची पॅरिसची सहल होती. तिकिटावर 15 मे, 01:45. बुकिंग मेहुण्याने केलं. मेहुणा हुशार आहे, पण घाईत असतो आणि त्याला कुणी काही विचारलेलं आवडत नाही. त्याने मनात हिशेब केला, ‘15 ला रात्री निघायचं म्हणजे 16 ला सकाळी पोहोचायचं.’ मग हॉटेल 16 पासून, प्रवास विमा 16 पासून, आणि शेंगेन व्हिसाच्या फॉर्मवर पोहोचण्याची तारीखही 16. जोडलेल्या तिकिटावर 15 होती, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

13 तारखेला सासऱ्यांना चेक-इनचा मेसेज आला. त्यांनी मला फोन केला, “जावईबापू, विमान परवा रात्री आहे ना? मग हे आत्तापासून का बोलावतायत?” मी तिकीट मागवून पाहिलं आणि सांगितलं, परवा नाही, उद्या रात्री साडेदहाला विमानतळावर पोहोचा. विमान वाचवल्याचा मला त्या दिवशी फार अभिमान वाटला. पण व्हिसाचं पान काही मी मागवलं नाही.

14 ला रात्री अकरा वाजता काउंटरवरून फोन. तिथल्या मुलीने पासपोर्ट उघडला, स्टिकरवरची ‘फ्रॉम’ची तारीख बघितली आणि बोर्डिंग पास द्यायला नकार दिला. व्हिसा 16 मेपासून आणि विमान पॅरिसला उतरणार 15 मेला सकाळी. तिचं काहीच चुकलं नव्हतं. व्हिसा सुरू व्हायच्या आधी प्रवासी नेला तर त्याला परत आणायचं आणि दंड भरायचा, हे कंपनीच्याच अंगावर येतं. सासूबाई म्हणाल्या, “अहो, सोळा म्हणजे उद्याच्या रात्री तर लागतेय, एवढ्यासाठी काय अडवायचं?” पण अडवलं. शेवटी तिकीट 16 तारखेच्या 01:45 ला बदललं, बदलाचे पैसे आणि भाड्यातला फरक भरला, आणि दोघं बॅगांसकट मुलुंडला परत आली. गंमत म्हणजे मेहुण्याचं हॉटेल मग बरोबर जुळलं. तो अजून हे ऐकवतो.

आता यातला हिशेब नीट बघू. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या-त्या गावची असते: सुटण्याची मुंबईची, उतरण्याची पॅरिसची. मे महिन्यात पॅरिस आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं. 01:45 ला निघून साडेनऊ तास उडालं की मुंबईत सव्वाअकरा वाजतात आणि पॅरिसमध्ये पावणेआठ, तारीख तीच, 15. पश्चिमेकडे जाताना घड्याळ मागे सरकतं, म्हणून रात्रभर प्रवास करूनही तारीख बदलत नाही. न्यूयॉर्कची थेट विमानंसुद्धा मध्यरात्रीनंतर सुटून त्याच तारखेला सकाळी उतरतात. पुढची तारीख लागते ती परतीला. 24 मेला रात्री साडेनऊला पॅरिसहून निघालात तर मुंबईत 25 ची सकाळ उजाडलेली असते.

तिकिटावर उतरण्याच्या वेळेशेजारी बारीक अक्षरात ‘+1’ असेल तरच पुढची तारीख धरायची. नसेल तर आपल्या मनाने लावायची नाही. मध्ये थांबा असेल तर हा ‘+1’ कुठे पहिलं विमान सुटलं त्या तारखेपासून मोजलेला असतो, तर कुठे त्या-त्या विमानाच्या तारखेपासून. आधी तेवढं तपासा.

व्हिसाच्या बाबतीत लोक हमखास रात्री मोजतात. शेंगेनमध्ये दिवस मोजले जातात, आणि आत शिरल्याचा व बाहेर पडल्याचा, दोन्ही दिवस धरले जातात. 15 ला सकाळी उतरून 24 ला रात्री निघालात तर हॉटेलच्या रात्री नऊ, पण मुक्कामाचे दिवस दहा. हॉटेलच्या बुकिंगवरून नऊ लिहिलेत तर शेवटचा दिवस जास्तीचा राहिलात असं होईल. स्टिकरवर शेवटची तारीख बरेचदा पंधरा दिवस पुढची दिलेली असते. ती बघून मुक्काम वाढवू नका, दिवसांचा आकडा वेगळा छापलेला असतो आणि तोच चालतो. शिवाय ही सवलत मागच्या बाजूला असते. आमच्यासारखं एक दिवस आधी पोहोचणाऱ्याला तिचा काही उपयोग नाही. परतीचं विमान मध्यरात्रीच्या आसपास असेल तर मी पुढची तारीखही फॉर्ममध्ये धरतो. विमानाला दोन तास उशीर झाला तर तिथे कोण वाद घालणार?

पूर्वेकडे याच्या उलट होतं, आणि तिथे मार हॉटेलला बसतो. समजा 20 जानेवारीला सकाळी अकराला मुंबईहून मेलबर्नला निघालात. बारा तास प्रवास. जानेवारीत तिथलं घड्याळ आपल्यापुढे साडेपाच तास. म्हणजे तुम्ही उतरता 21 ला पहाटे साडेचारला. हॉटेल 20 पासून घेतलं आणि काही कळवलं नाही, तर रात्री कुणी आलं नाही म्हणून ते नो-शो लावतात, आणि बरीच हॉटेलं मग पुढच्या रात्रीही रद्द करतात. 21 पासून घेतलं तर खोली मिळणार दुपारी दोन-तीनला, तोवर लॉबीत बॅगांवर डोकं टेकून बसा. तरुण असाल तर बसा बापडे. घरातली वयस्कर माणसं सोबत असतील तर मी 20 ची रात्र विकत घेतो आणि हॉटेलला लेखी कळवतो: ‘21 ला पहाटे सहाच्या सुमारास येतोय, खोली सोडू नका.’ त्यांचं उत्तर आलं नाही तर फोन करतो.

बाकीचं थोडक्यात. 12:30 एएम म्हणजे रात्रीचे साडेबारा, दुपारचे नव्हेत. युरोपचं घड्याळ मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तासभर बदलतं, त्यामुळे गेल्या खेपेचा फरक यंदा वापरू नका.

माझी पद्धत जुनाट आहे. वहीचं एक पान घेतो आणि तिथे ‘15 ची रात्र’ असं कधीच लिहीत नाही. ‘14 आणि 15 च्या मधली रात्र, घरातून 14 ला नऊ वाजता’ असं लिहितो. खाली उतरण्याची तारीख, हॉटेलची, विम्याची आणि व्हिसाची, चारही एकाखाली एक. ॲप सगळं दाखवतं हे मला मेहुण्याने अनेकदा सांगितलंय. सासरे मात्र हल्ली कुठलंही तिकीट आलं की आधी मला विचारतात, “मधली रात्र कुठली?”