कायद्याचा मजकूर उद्धृत करताना: कंस, टिंबे आणि अवतरणचिन्हे

कायद्यातले उद्धरण चुकते ते बहुधा शब्दांत नाही, चिन्हांत. आणि चिन्हांपैकी सर्वांत घातक असतो चौकोनी कंस, कारण तो दोन वेगळ्या हातांनी घातलेला असू शकतो. भारतीय संविधानाची उद्देशिका सगळ्यांच्या ओळखीची आहे, म्हणून तीच घेऊन एकेक पायरी पाहू.

आधी प्रत ठरवा. उद्देशिकेत ‘समाजवादी’ आणि ‘धर्मनिरपेक्ष’ हे शब्द १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने आले आणि ३ जानेवारी १९७७ पासून लागू झाले. म्हणजे १९५० सालचा मजकूर आणि आजचा मजकूर दोन्ही आपापल्या काळी अस्सल आहेत. तुमचा मुद्दा ज्या दिवसाच्या कायद्याबद्दल आहे, त्या दिवशी लागू असलेला मजकूर अधिकृत प्रतीतून घ्या आणि शेवटपर्यंत तीच प्रत समोर ठेवा. एका प्रतीतले वाक्य आणि दुसरीतले विरामचिन्ह अशी सरमिसळ नंतर सापडत नाही.

आता कंस. अधिकृत प्रतीत ही ओळ साधारण अशी दिसते:

१[सार्वभौम समाजवादी धर्मनिरपेक्ष लोकशाही गणराज्य]

इथला कंस आणि त्याआधीचा लहान आकडा हे कायद्याचे शब्द नव्हेत. कंसातला भाग दुरुस्तीने आला, एवढेच ते सांगतात. कोणत्या दुरुस्तीने, हे तळटीपेत असते. पण उद्धरणात चौकोनी कंसाचा अर्थ उलटा होतो: ‘हे शब्द मूळचे नाहीत, मी घातले आहेत.’ कंस जसाच्या तसा उचललात, तर ‘गणराज्य’पर्यंतचे सगळे शब्द तुमच्या पदरचे आहेत असे वाचक समजेल. म्हणून ते कंस आणि आकडे काढा, आणि उद्धरणाखाली एका ओळीत नोंदवा: ‘दुरुस्तीदर्शक कंस व तळटीपांचे आकडे वगळले आहेत.’ लेख दुरुस्तीवरच असेल तर मात्र ते ठेवा, ‘कंस मूळ प्रतीतले’ असे लिहा आणि त्या उद्धरणात स्वतःचा एकही कंस घालू नका.

स्वतःचा कंस लागतो तो संदर्भ तुटल्यावर. ‘त्याच्या सर्व नागरिकांस’ एवढेच घेतले तर ‘त्याच्या’ म्हणजे कोणाच्या, हे कळत नाही. तेव्हा ‘त्याच्या [भारताच्या] सर्व नागरिकांस’ असे लिहा. मूळ शब्द काढून जागी कंस घालण्यापेक्षा शब्द ठेवून पुढे कंस देणे मला जास्त प्रामाणिक वाटते. मुळातच छपाईची चूक असेल तर ती दुरुस्त करू नका. लगेच पुढे [मुळात असेच] लिहा.

टिंबांचे नियम सोपे आहेत, एक जागा सोडून. वगळलेल्या भागाच्या जागी तीन टिंबे येतात: “भारताचे एक सार्वभौम समाजवादी धर्मनिरपेक्ष लोकशाही गणराज्य घडविण्याचा ... संकल्पपूर्वक निर्धार करून”. पण कायद्याच्या प्रतीत कधीकधी तीन तारे (* * *) दिसतात. अनुच्छेद १९(१) मधला मालमत्तेच्या हक्काचा उपखंड १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने वगळला गेला. अशा जागी तारे असतात. तारे म्हणजे संसदेने काढलेले, टिंबे म्हणजे तुम्ही गाळलेले. ताऱ्यांच्या जागी टिंबे टाकलीत, तर नसलेला हक्क तुम्ही लपवल्यासारखे दिसेल. आणि ‘परंतु’ने सुरू होणारे परंतुक तुमच्या मुद्द्याला मर्यादा घालत असेल, तर ते टिंबांत गिळू नका.

अवतरणचिन्हांच्या आत तेच विरामचिन्ह ठेवा जे मुळात आहे. वरच्या उद्धरणात ‘करून’नंतर मुळात अर्धविराम आहे, पण आपण त्याआधीच थांबलो, म्हणून वाक्य संपवणारा पूर्णविराम आपला, आणि तो चिन्हाबाहेर. कायद्याच्या व्याख्यांत शब्दांना अवतरणचिन्हे असतातच. ती तुमच्या दुहेरी चिन्हांच्या आत आली की एकेरी करा. हा बदल सर्वमान्य आहे. लांब उतारा वेगळ्या परिच्छेदात आत सरकवून दिलात, तर बाहेरची चिन्हे लागतच नाहीत आणि आतली मूळ रूपात राहतात.

शेवटी पडताळणी. पीडीएफमधून नक्कल केली की तळटीपेचा आकडा शब्दाला चिकटून येतो आणि देवनागरीत जोडाक्षरे, वेलांट्या विस्कटतात. म्हणून निव्वळ शोधपेटीवर विसंबू नका: शब्द तंतोतंत असूनही ती ‘सापडले नाही’ म्हणू शकते. खात्रीची रीत दोन माणसांची आहे. एकाने अधिकृत प्रत मोठ्याने वाचायची, ‘स्वल्पविराम’, ‘अर्धविराम’, ‘कंस सुरू’ हेही उच्चारून. दुसऱ्याने तुमच्या मसुद्यावर बोट ठेवून ऐकायचे. टिंबे आली की वाचणाऱ्याने थांबून गाळलेला भागही पूर्ण वाचावा. तो ऐकल्यावर उरलेल्या वाक्याचा अर्थ बदलत असेल, तर तेवढे शब्द उद्धरणात परत घ्या.